दोन घड्याळे : गर्भवतीची लस आणि बाळाचे पहिले सहा महिने

धनुर्वात या शब्दातच त्या आजाराचे चित्र आहे. स्नायू आखडत जातात, पाठ मागे वाकते आणि देह ताणलेल्या धनुष्यासारखा होतो. मोठ्या माणसातही हे दृश्य पाहवत नाही; पण या आजाराचा सर्वात मोठा बळी मोठा माणूस कधीच नव्हता. तो होता आठवडाभराचे बाळ.

नवजात धनुर्वात ओळखण्यासाठी प्रयोगशाळेची गरज पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या केवळ निरीक्षणावर उभी आहे : जन्मानंतरचे पहिले दोन दिवस जे बाळ नीट रडत होते, नीट दूध ओढत होते, ते तिसऱ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसाच्या दरम्यान दूध ओढेनासे होते आणि मग ताठरते किंवा त्याला झटके येऊ लागतात. जन्मतःच अशक्त असलेले बाळ पहिल्या दिवसापासूनच दूध ओढत नाही. इथे मात्र आधी सारे सुरळीत असते आणि साधारण सातव्या दिवसाच्या आसपास ते अचानक थांबते. जबडा आवळला जातो, ओठ ताणले जातात, आणि प्रकाश, आवाज किंवा साधा स्पर्शही नवा झटका आणतो. उपचार न मिळाल्यास अशी बहुतेक बाळे दगावतात.

या आजाराचे जंतू आईकडून येत नाहीत. ते मातीत असतात, जनावरांच्या शेणात असतात, आणि बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षे टिकून राहतात. विळ्याने, बांबूच्या कपच्यांनी किंवा गंजक्या पात्याने कापलेली नाळ, तिच्यावर लावलेली राख, माती किंवा शेण, एवढे त्यांना पुरते. नाळेचा सुकत चाललेला तुकडा म्हणजे रक्तपुरवठा तुटलेली, प्राणवायूविरहित ऊती. या जंतूला वाढायला नेमकी अशीच जागा लागते. तिथे जंतू फारसा पसरत नाही. तो फक्त विष तयार करतो. हे विष चेतातंतूंच्या टोकांतून आत शिरते, तंतूच्या आतून उलट दिशेने मज्जारज्जूपर्यंत प्रवास करते आणि तिथे स्नायूंना शिथिल होण्याचा निरोप देणाऱ्या रसायनांचे स्रवणे बंद पाडते. आकुंचनाचे आदेश चालू राहतात, थांबण्याचे आदेश मात्र पोहोचत नाहीत. धनुष्य ताणले जाते ते असे.

या प्रवासातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या विवेचनाला महत्त्वाची आहे. विष एकदा चेतातंतूच्या आत गेले की कोणतेही प्रतिपिंड त्याला गाठू शकत नाही. रक्तात किंवा ऊतींमध्ये मोकळे फिरणारे विषच निष्प्रभ करता येते. म्हणजे प्रतिपिंडे विषाच्या आधी तिथे हजर असावी लागतात. पहिल्या आठवड्यात येणाऱ्या आजारासाठी ही अट कठोर आहे, कारण बाळाला जन्मल्या क्षणी लस टोचली तरी त्याच्या शरीराला पुरेशी प्रतिपिंडे घडवायला कित्येक आठवडे लागतात. तेवढा वेळ त्याच्याजवळ नसतो. तेव्हा प्रतिपिंडे दुसऱ्या कुणीतरी घडवून, त्याच्या जन्माआधीच त्याच्या रक्तात ठेवलेली असावी लागतात. हे काम आईखेरीज कुणीच करू शकत नाही.

ते होते कसे, हे वारेच्या रचनेतून उलगडते. आईचे आणि बाळाचे रक्त कधीच एकमेकांत मिसळत नाही. दोहोंमध्ये वारेच्या पेशींचा पडदा असतो. बहुतेक मोठे रेणू हा पडदा ओलांडू शकत नाहीत. आयजीजी या वर्गातील प्रतिपिंडांसाठी मात्र तिथे एक खास ग्राही रेणू आहे. असा ग्राही असला पाहिजे, हे अनुमान ब्रिटिश शास्त्रज्ञ ब्रॅम्बेल यांनी तो प्रत्यक्ष सापडण्याच्या बरेच आधी मांडले होते. त्याची करामत आम्लतेच्या फरकावर चालते. वारेची पेशी आईच्या रक्तातील द्रवाचे सूक्ष्म थेंब आत ओढून घेते. या थेंबाभोवतीच्या पिशवीत आम्लता वाढते, सामू ६ च्या आसपास येतो, आणि त्या स्थितीत ग्राही प्रतिपिंडाला घट्ट धरतो. पिशवी पेशीच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे बाळाच्या बाजूला उघडते, तेव्हा सामू पुन्हा ७.४ होतो आणि पकड सुटते. प्रतिपिंड बाळाच्या दिशेला मोकळे होते. पिशवीतील ज्या रेणूंना ग्राही धरत नाही, त्यांची पेशीच्या आतच विल्हेवाट लागते.

ही वाहतूक तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अगदी बारीक धारेने सुरू होते. पाचव्या महिन्याच्या सुमारास बाळाच्या रक्तातील पातळी आईच्या पाच ते दहा टक्केच असते. सातव्या-आठव्या महिन्यात ती निम्म्यावर येते. आणि पूर्ण दिवसांच्या बाळात ती आईच्या पातळीला गाठते, बहुधा ओलांडतेही. म्हणजे शेवटच्या काही आठवड्यांत सर्वाधिक ठेव जमा होते. तिसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ ही ठेव अर्धीच घेऊन येते, आईने लस वेळेवर घेतली असली तरीही.

आता एका कल्पित गर्भवतीचे उदाहरण घेऊ. उत्तर बिहारमधील एका गावात ती पहिलटकरीण आहे. लहानपणी तिला कुठलीही लस मिळालेली नाही. बाराव्या आठवड्यात गावच्या आशाताईंनी तिची नोंद केली, आणि लसीकरणाच्या दिवशी परिचारिकेने तिच्या दंडात अर्धा मिलिलीटर टीडी लसीचा पहिला डोस दिला. भारतात काही वर्षांपूर्वी नुसत्या धनुर्वाताच्या टीटी लसीची जागा या लसीने घेतली; तिच्यात घटसर्पापासूनचे संरक्षणही आहे. पहिल्या डोसाने तिच्या रक्तात फारसे काही दिसत नाही, शरीर फक्त शत्रूची ओळख लक्षात ठेवते. चार आठवड्यांनी, म्हणजे सोळाव्या आठवड्यात, दुसरा डोस मिळतो. या वेळी ओळख जागी होते आणि पंधरवड्याच्या आत प्रतिपिंडांची पातळी झपाट्याने चढते. पुढचे पाच महिने वार तिचे काम करत राहते.

एकोणचाळिसाव्या आठवड्यात बाळ जन्मते. हिशेबासाठी धरून चालू की त्याच्या रक्तात दर मिलिलीटरला ०.८ एकक इतके विषरोधी प्रतिपिंड आहे. बाळाच्या शरीरात ही परकी प्रतिपिंडे नव्याने तयार होत नाहीत. ती किरणोत्सारी मूलद्रव्यासारखी ठरावीक अर्धायुष्याने घटत जातात, आणि हे अर्धायुष्य ढोबळमानाने एक महिना धरता येते. महिन्याने ०.४, दोन महिन्यांनी ०.२, तीन महिन्यांनी ०.१. सावधपणे आखलेली सुरक्षित पातळी ०.१ आहे, जुन्या, अधिक नेमक्या निष्प्रभीकरण चाचणीत तर ०.०१ इतकी पातळीही किमान संरक्षक मानली जाते. धोक्याचा काळ अठ्ठावीस दिवसांचा आहे, आणि बाळाची स्वतःची पेंटाव्हॅलंट लस सहाव्या आठवड्यात सुरू होते. म्हणजे आईने दिलेली ठेव धोक्याच्या काळाला सहज पुरून उरते. धनुर्वाताच्या बाबतीत घड्याळ आईच्या बाजूने चालते.

आता शेजारच्या वीटभट्टीवरची दुसरी एक कल्पित स्त्री पाहू. ती कामासाठी परजिल्ह्यातून आलेली आहे आणि पस्तिसाव्या आठवड्यात पहिल्यांदा आरोग्यसेवेच्या नजरेस पडते. तिला त्याच दिवशी पहिला डोस मिळतो, पण दुसऱ्याची तारीख येण्याआधी अडतिसाव्या आठवड्यात ती बाळंत होते. तिला पूर्वी कधीच लस मिळाली नसेल, तर त्या एका डोसाने बाळाला जवळपास काहीच मिळालेले नाही. पण लहानपणी त्रिगुणी लस आणि शाळेत असताना दहाव्या-सोळाव्या वर्षी धनुर्वाताची लस मिळाली असेल, तर तोच डोस स्मृती चाळवणारा वर्धक डोस ठरतो आणि आठवड्याभरात पातळी उंचावते. कुपी तीच, दंड तसाच, परिणाम मात्र पूर्ण वेगळा. म्हणूनच परिचारिका कार्डावरच्या जुन्या नोंदी शोधत बसते. मागील तीन वर्षांत गरोदरपणी दोन डोस झालेले असतील तर एकच वर्धक डोस पुरतो. राष्ट्रीय वेळापत्रकाची सूचनाही अशीच आहे : दुसरा किंवा वर्धक डोस शक्यतो छत्तिसाव्या आठवड्याच्या आत द्यावा, पण तो काळ उलटला म्हणून डोस टाळू नये. अशा उशिरा आलेल्या स्त्रीच्या बाळासाठी खरा आधार उरतो तो स्वच्छ हातांचा, स्वच्छ जागेचा, स्वच्छ पात्याचा, स्वच्छ दोऱ्याचा आणि काहीही न लावलेल्या कोरड्या नाळेचा.

एक डोस अपुरा आणि दोन पुरेसे, हे कुणाच्या अंदाजाने ठरलेले नाही. १९६० च्या दशकात कोलंबियाच्या ग्रामीण भागात न्यूवेल आणि सहकाऱ्यांनी स्त्रियांचे दोन गट करून हे पडताळले. एका गटाला धनुर्वाताची लस, दुसऱ्याला तुलनेसाठी दुसरी लस. कुणाला काय मिळाले हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. एका डोसाने मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. ज्यांना दोन किंवा तीन डोस मिळाले, त्यांच्या बाळांपैकी एकही धनुर्वाताने गेले नाही. दुसऱ्या गटात मात्र बाळे नेहमीसारखीच दगावत राहिली. त्या दुसऱ्या गटाला तुलनेसाठी दिलेली लस होती इन्फ्लूएन्झाची. त्या काळी ती नवजात बाळाच्या दृष्टीने निरर्थक समजली जात होती.

भारताने गर्भवतींसाठी ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात आणली ती १९८३ मध्ये. तेव्हाच्या अंदाजांनुसार देशात दरवर्षी दीड ते दोन लाख नवजात बालकांना धनुर्वात होत असे. लस, दवाखान्यातील बाळंतपणांचा वाढता आकडा आणि नाळेची स्वच्छता या तिन्हींनी मिळून तो खाली आणला. २००३ मध्ये आंध्र प्रदेश निर्मूलनाच्या निकषावर उतरले, आणि २०१५ मध्ये शेवटी नागालँड. निकष असा, की देशातील प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण असावा.

हा निकष तपासायचा कसा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. घरी जन्मलेले आणि आठवड्यात घरीच गेलेले बाळ ना जन्माच्या नोंदीत येते, ना मृत्यूच्या. रुग्णालयातील आकडा शून्य असला तरी त्यावरून गावातला आकडा कळत नाही. म्हणून पडताळणीची पद्धत उलट बाजूने चालते. राज्यातील सर्वात दुबळे, सर्वाधिक जोखमीचे जिल्हे निवडायचे आणि तिथे घरोघर जाऊन मागील वर्षभरातील बाळंतपणे विचारायची. एखादे बाळ गेले असेल तर त्याच्या आईलाच शांतपणे विचारायचे : पहिले दोन दिवस दूध ओढत होते का, रडत होते का, मग काय झाले. सर्वात दुबळा जिल्हा या परीक्षेत उतरला, तर बाकीचे उतरले असे मानायला आधार मिळतो. देशाच्या यशाचा पुरावा शेवटी त्या आईच्या आठवणीवर उभा राहतो.

निर्मूलन या शब्दाने मात्र फसू नये. देवी गेली ती कायमची, कारण तो विषाणू माणसाखेरीज कुठेच राहत नव्हता. धनुर्वाताचे बीजाणू आजही त्याच मातीत आहेत. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे शेजारणीने घेतलेल्या लसीचा शेजारच्या बाळाला काडीचाही उपयोग नाही. आजार होऊन वाचलेल्यालाही प्रतिकारशक्ती येत नाही. जीव घ्यायला पुरेल इतके विषही प्रतिकारयंत्रणा जागी करायला अपुरे पडते. म्हणून प्रत्येक गर्भवतीकडे, प्रत्येक वेळी, ही ठेव नव्याने मोजावी लागते. सलग काही वर्षे यात कसूर झाली तर जुना आकडा परत यायला कुठूनही प्रवास करून यावे लागणार नाही. तो पायाखालीच आहे.

कोलंबियात तुलनेपुरती वापरलेली लस चार दशकांनी ढाक्यात पुन्हा तुलनेसाठीच वापरली गेली. २००४-०५ मध्ये तिथे ३४० गर्भवतींवर न्यूमोकोकस लसीचा अभ्यास चालू होता आणि तुलनेच्या गटाला शेवटच्या तिमाहीत इन्फ्लूएन्झाची निष्क्रिय लस दिली होती. संशोधकांनी दोन्ही गटांतील बाळांचा सहा महिने पाठपुरावा केला, तेव्हा तुलनेचा गटच बोलू लागला. इन्फ्लूएन्झाची लस घेतलेल्या मातांच्या ६ बाळांना प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फ्लू झाला, तर दुसऱ्या गटात १६ बाळांना. संरक्षण ६३ टक्के. २००८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि गर्भवतीच्या फ्लूच्या लसीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. तोवर ती आईसाठीच समजली जाई.

फ्लूचे घड्याळ मात्र धनुर्वाताच्या घड्याळासारखे नाही. सहा महिन्यांखालील बाळासाठी फ्लूची कोणतीही लस मान्यताप्राप्त नाही, आणि लहान बाळाला फ्लू झाला तर न्यूमोनियाची आणि रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता मोठी असते. म्हणजे धोक्याचा काळ अठ्ठावीस दिवसांचा नसून सहा महिन्यांचा आहे. शिवाय संरक्षणाला लागणारी पातळीही बाळाच्या ठेवीच्या मानाने उंच आहे. या प्रतिपिंडांची मोजणी रक्त किती पट विरळ केले तरी विषाणूला रोखते, यावर होते. ४० पट ही रूढ उंबरठ्याची पातळी, आणि तीही मोठ्या माणसात निम्म्या संरक्षणाची मानली जाते. जन्मावेळी बाळाची पातळी ८० धरली आणि अर्धायुष्य सहा आठवडे धरले, तर सहा आठवड्यांतच ते उंबरठ्यावर येते. पातळी १६० असेल तर बारा आठवडे. सहा महिने तग धरायचा तर सुरुवातच ८०० च्या घरात हवी, आणि ती फार थोड्या बाळांच्या वाट्याला येते.

कागदावरचा हा हिशेब प्रत्यक्षातही दिसला. दक्षिण आफ्रिकेत सोवेटो येथे झालेल्या चाचणीत सहा महिन्यांचे सरासरी संरक्षण सुमारे पन्नास टक्के निघाले. पण वयानुसार आकडे वेगळे काढल्यावर पहिल्या आठ आठवड्यांत ते सुमारे ८५ टक्के होते आणि त्यानंतर एकदम तीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली घसरले. सरासरी ऐकून लस निम्मीच चालते असे वाटते. खरे चित्र असे, की जेव्हा बाळ सर्वात नाजूक असते त्या दोन महिन्यांत ती उत्तम चालते आणि मग विरून जाते. त्यानंतरच्या काळात बाळाला आधार असतो तो मुख्यतः घरात फ्लू न येण्याचा. लस घेतलेली आई स्वतः आजारी न पडणे हा त्यातला मोठा भाग आहे.

संरक्षण एवढे अल्पजीवी असेल, तर ते केव्हा मिळते याला महत्त्व येते, आणि इथे भारताचा नकाशा आडवा येतो. श्रीनगरमध्ये फ्लूचा हंगाम हिवाळ्यात असतो. देशाच्या बहुतेक भागात मोठी लाट पावसाळ्यात येते, आणि चेन्नईसारख्या ठिकाणी ती परतीच्या पावसापर्यंत लांबते. त्यामुळे बहुतांश भारतात लसीची योग्य वेळ एप्रिल-मे, तर काश्मीरमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबर. युरोपातील दिनदर्शिका पाहून पुण्यात किंवा भुवनेश्वरमध्ये ऑक्टोबरात टोचलेली लस चुकीची नसते, पण हंगामाचा मोठा भाग तिच्या आधीच निघून गेलेला असतो. गर्भवतीच्या बाबतीत आणखी एक घटक वाढतो : बाळ कोणत्या महिन्यात जन्मणार. जुलैत जन्मणाऱ्या बाळासाठी मे महिन्यातील लस त्याच्या पहिल्या दोन महिन्यांना नेमकी लाटेच्या मध्यावर झाकते. जानेवारीत जन्मणाऱ्या बाळाच्या आईला पावसाळ्यापूर्वी मिळालेल्या लसीचा लाभ मुख्यतः तिला स्वतःलाच होतो, आणि तोही लहान नाही. गरोदरपणात फ्लू अधिक गंभीर होऊ शकतो.

धनुर्वाताची लस देशभर प्रत्येक गर्भवतीला मोफत मिळते. फ्लूच्या लसीची शिफारस स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना करते, केंद्राच्या मार्गदर्शनातही गर्भवतींचा समावेश आहे, आणि २०१५ च्या एच१एन१ साथीनंतर महाराष्ट्राने ती गर्भवतींना मोफत देण्यास सुरुवात केली. पण राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ती अद्याप नाही. बहुतेक राज्यांत ती ज्यांना परवडते त्यांनाच मिळते. त्यामागे केवळ अनास्था आहे असे नाही. दरवर्षी बदलणारी लस, प्रदेशागणिक बदलणारा हंगाम आणि काही आठवड्यांत विरणारे संरक्षण, या तिन्हींचा मेळ वर्षभर एकाच पद्धतीने चालणाऱ्या कार्यक्रमाशी घालणे खरोखर अवघड आहे. धनुर्वाताचा डोस कोणत्याही महिन्यात दिला तरी चालतो. फ्लूच्या डोसाला महिना विचारावा लागतो.

दोन्ही लसींत जिवंत जंतू नसतो. एकीत निष्प्रभ केलेले विष, दुसरीत मारलेल्या विषाणूचे अंश. बाळाच्या शरीरात त्यांतून जाते ते फक्त आईने घडवलेले प्रतिपिंड. नाकात फवारायची फ्लूची जिवंत लस गर्भवतीला दिली जात नाही, ती याच कारणाने. दंड दोन दिवस दुखतो, क्वचित कणकण येते. त्या बदल्यात जे मिळते ते कायमचे नसते, आणि त्याने कायमचे असावे अशी अपेक्षाही नाही. बाळाची स्वतःची यंत्रणा कामाला लागेपर्यंतचे काही आठवडे निभावून नेणे, एवढेच त्याचे काम. गर्भवतीच्या कार्डावरच्या दोन तारखा वाचताना म्हणून एवढेच पाहायचे : पहिल्या आणि दुसऱ्या डोसात चार आठवडे आहेत का, दुसरा डोस आणि बाळंतपण यांच्यात निदान पंधरवडा उरतो का, आणि पावसाळा किती दूर आहे.